हात धुतल्यानंतरची आठ मिनिटं

कोल्हापुरात माझ्या मामेभावाचं मटण थाळीचं हॉटेल आहे. रविवारी दुपारी एक वाजता तिथे गेलात तर दारात पंधरा-वीस माणसं उभी दिसतील, आत प्रत्येक टेबल लागलेलं दिसेल, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर ‘जेवणानंतर विनाकारण बसू नये’ ही पाटीही दिसेल. एवढ्या गर्दीतही त्याचं रडगाणं कायम असतं. “दादा, माणसं उठतच नाहीत बघ. अठ्ठेचाळीस खुर्च्या, जेवायला अर्धा तास. तीन तासांत दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं व्हायला पाहिजेत की!”

त्या रविवारी पानं किती झाली, हे मी थाळीच्या बिलांवरून मोजलं. ८९.

दोनशे अठ्ठ्याऐंशीचा हिशोब गुणाकार म्हणून बरोबर आहे. चुकले आहेत ते त्यातले दोन आकडे. माणूस अर्धा तास जेवतो, म्हणून टेबल अर्ध्या तासात सुटतं हे एक गृहीत. आणि चार खुर्च्यांचं टेबल लागलं म्हणजे चार पानं वाढली, हे दुसरं. दोन्ही खोटी कशी आहेत ते कळायला पाटी लावून उपयोग नाही, वही घेऊन बसावं लागतं. मी पुढचा रविवार साडेबारा ते साडेतीन कोपऱ्यात बसून काढला. पानं पुन्हा ८९च्याच आसपास झाली, त्यामुळे पुढचे आकडे मी त्यावरच धरले आहेत.

वहीत प्रत्येक टेबलाची एक ओळ. गिऱ्हाईक बसलं कधी, ऑर्डर घेतली कधी, थाळी आली कधी, जेवण संपलं कधी, पैसे दिले कधी, आणि त्याच टेबलावर पुढचं गिऱ्हाईक बसलं कधी. यातलं ‘जेवण संपलं’ हे कळणं इतर ठिकाणी अवघड. थाळीच्या हॉटेलात मात्र सोपं, कारण माणूस हात धुवायला बेसिनकडे उठतो. तो क्षण लिहायचा. पुढचं गिऱ्हाईक बसलं त्या वेळेपर्यंत मोजायचं हेही महत्त्वाचं, कारण उष्टं टेबल रिकामं दिसलं तरी ते कामाचं नसतं.

सरासरी निघाली ५४ मिनिटं. तिची फोड अशी: ऑर्डर घ्यायला वेटर येईपर्यंत ६, थाळी येईपर्यंत ११, प्रत्यक्ष जेवण २४, हात धुतल्यापासून बिल मागून पैसे देईपर्यंत ८, आणि टेबल पुसून पुढची मंडळी बसेपर्यंत ५. म्हणजे भाऊ ज्यांना लांबण लावणारे समजत होता ती माणसं अर्ध्या तासाच्या आतच जेवत होती. उरलेली तीस मिनिटं वाट बघण्याची होती, कधी त्यांनी हॉटेलची बघितली, कधी टेबलाने फडक्याची. पाटी ज्या माणसासाठी लावली होती तो हात धुऊन बडीशेप चघळत बिलाचीच वाट बघत बसलेला असे.

आता टेबलांची संख्या १२, वेळ १८० मिनिटं आणि एका फेरीला ५४. एक टेबल सव्वातीन वेळा फिरतं, सगळी मिळून चाळीस फेऱ्या. प्रत्यक्षात ३६ झाल्या, कारण साडेबाराला दार उघडलं तरी टेबलं भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हा तोटा कुणालाच चुकत नाही. कागदावरच्या आकड्यातून दहा टक्के आधीच वजा करून ठेवावेत.

पण ३६ फेऱ्यांत चार-चार माणसं असती तर १४४ पानं झाली असती. झाली ८९. उरलेल्या पंचावन्न खुर्च्यांवर पर्सा आणि हेल्मेटं बसली होती. वहीत त्या दुपारच्या ३४ मंडळींपैकी चौघे एकटे होते आणि सोळा जोड्या होत्या. त्यातली प्रत्येक जोडी चार खुर्च्यांचं टेबल अडवून बसली होती, कारण हॉटेलात दुसरं टेबलच नव्हतं. मुंबईच्या उडुप्याने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. तो अनोळखी माणसाला बिनदिक्कत तुमच्यासमोर आणून बसवतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण रविवारी बायको-मुलांना घेऊन मटण खायला आलेल्या माणसासमोर परका बसवून बघा!

तेव्हा टेबलंच बदलायला हवीत. चारांची चार टेबलं काढून तेवढ्या जागेत दोघांची किती बसतील? गणित आठ सांगतं, जमीन सात. प्रत्येक टेबलाच्या बाजूने थाळी घेतलेला माणूस जायला वाट लागते आणि ती वाट टेबल अर्धं झालं म्हणून अर्धी होत नाही. म्हणजे चारांची आठ आणि दोघांची सात, मिळून पंधरा टेबलं, खुर्च्या ४६. भाऊ उखडला. “खुर्च्या कमी करून पानं वाढणार? कुठल्या शाळेत शिकवतात हे?”

शिकवतात खरं. विमानातली सीट आणि हॉटेलातली खोली जशी रात्र उलटली की वाया जाते, तशी जेवणघरातली रिकामी खुर्ची तासातासाला वाया जाते, हा विचार अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी १९९८च्या सुमारास पद्धतशीर मांडला. त्यांचं माप होतं खुर्ची-तास: एका खुर्चीने एका तासात किती कमावलं. त्या मापाने बघितलं, तर कायम पर्स ठेवलेली खुर्ची असली काय, नसली काय.

टेबलं तर ठरली. राहिला वेळ. चोवीस मिनिटांच्या जेवणाला हात लावायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण घाई जाणवते ती तिथेच. बाकीच्या तिसातलं कापायचं. थाळ्या चारच प्रकारच्या, तेव्हा ऑर्डर दारातच घेतली तर उभ्या माणसालाही बरं वाटतं, आपली दखल घेतली म्हणून. तिथले तीन मिनिटं गेले. बिल आधी करून गल्ल्यावर ठेवायचं, टेबलावर नाही. माणूस बेसिनकडे गेला की वेटरने उचलायचं आणि मागितल्याबरोबर द्यायचं. इथेही तीन. टेबल पुसायला एक पोरगा वेगळा ठेवला आणि पुढच्या मंडळींना हाक मारायचं कामही त्यालाच दिलं, कारण पूर्वी पुसलेलं टेबल ‘कुणीतरी बोलवेल’ म्हणून तसंच पडून राही. आणखी तीन. थाळी अकराऐवजी आठ मिनिटांत यावी अशी अपेक्षा धरली. ५४चे ४२ झाले. पंधरा टेबलं, बेचाळीस मिनिटांची फेरी, दहा टक्के वजा, आणि जोड्यांचं प्रमाण तेच धरलं तर १४४च्या आसपास पानं व्हायला हवीत.

पहिल्या रविवारी १०५ झाली.

वही उघडली तर चूक एकाच रकान्यात होती. थाळी यायला आठ सोडाच, सतरा मिनिटं लागत होती. मटण तयार, रस्सा तयार, थाळ्या मांडून ठेवलेल्या, आणि भाकरी नाही. आत दोघी बायका दोन तव्यांवर मिळून मिनिटाला जेमतेम दीड भाकरी काढतात. माणशी अडीच भाकऱ्या धरल्या तर तीन तासांत १०८ माणसांपुरत्याच भाकऱ्या होतात. टेबलं रुसलेली असताना ही मर्यादा दिसत नव्हती. बाहेरची अडचण दूर झाल्यावर आतली पुढे आली. त्यात भर म्हणजे टेबलं पटापट सुटतात म्हणून पोरग्याने सव्वा वाजता पाच टेबलं एकदम बसवली होती. तेरा-चौदा थाळ्यांची ऑर्डर एका क्षणी तव्यावर पडली आणि त्यामागची प्रत्येक थाळी उशिरा झाली. ती माणसं टेबलावर कंटाळून बसली, जी बाहेर झाडाखाली जास्त आनंदात होती.

मग तिसरा तवा आला, तिसरी बाई आली, आणि एक नियम आला: टेबल मोकळं असलं तरी दोन मंडळींना बसवण्यात दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवायचं. रिकामं टेबल तीन मिनिटं तसंच ठेवणं मालकाच्या जिवावर येतं. पण पंगतीचा अनुभव सगळ्यांनाच आहे. सगळे एकदम बसले की वाढपी धावतात, भात संपतो, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत कुणीच उठत नाही. थाळीचं हॉटेल पंगतीसारखं चालवायचं नसतं. पुढच्या रविवारी १३१ पानं झाली.

आता दारात उभ्या माणसाला काय सांगायचं? पूर्वीचं उत्तर “पाच मिनिटं” हे होतं, आणि ते नेहमी खोटं असे. पंधरा टेबलं बेचाळीस मिनिटांत एकदा फिरतात, म्हणजे साधारण तीन मिनिटांना एक टेबल सुटतं. पुढे सहा मंडळी असतील तर अठरा मिनिटं, वीस-पंचवीस सांगावीत. दोघांचं टेबल सहा मिनिटांना आणि चारांचं पाच-सव्वापाच मिनिटांना सुटतं, म्हणून यादीही दोन ठेवल्या. आत किती माणसं, ती किती वेळ थांबतात आणि किती वेगाने येतात, या तिघांचं नातं जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं. भावाला ते नाव सांगायची गरज पडली नाही. पंचवीस सांगून वीस मिनिटांत हाक मारली की माणूस खूश होतो, हे त्याला एका दुपारीच पटलं.

एक शंका मात्र मला होती. आपण माणसांना हाकलत तर नाही ना? याला वेगळी चाचणी लागते. जेवणाचा रकाना बघायचा: बदलानंतरही तो २३ ते २५ मिनिटांतच होता. तो उतरून अठरावर आला असता, तर वाढीव पानं घाईची होती असं समजायचं. दुसरी खूण रश्श्याची. आमच्याकडे तांबडा-पांढरा पुन्हा मागून पिण्याची रीत आहे, आणि वाढप्याची किटली किती वेळा भरली ते मुदपाकखान्यात विचारता येतं. घाई वाटणारा माणूस सगळ्यात आधी दुसरी वाटी सोडतो. माणशी किटलीचं प्रमाण घटलं नव्हतं.

सरासरीचाही एक धोका आहे. जोडपं पस्तीस मिनिटांत उठतं, आजी-आजोबांसकट आलेली सहा माणसं तास घेतात. सगळ्यांना बेचाळीस लावलं तर त्या सहांच्या अंगावर वेटर जाऊन उभा राहतो. दोघांचा, चारांचा आणि मोठ्या घोळक्याचा आकडा वेगवेगळा लिहावा, आणि मोठा घोळका शक्यतो साडेबारालाच, गर्दीच्या आधी बसवावा.

मी निघालो त्या बुधवारी दुपारी दोन वाजता दोन निवृत्त मास्तर खिडकीपाशी बसले होते. थाळ्या कधीच उचललेल्या, बडीशेपेची वाटी तिसऱ्यांदा भरलेली. भाऊ सवयीने बिल घेऊन निघाला. मी त्याला थांबवून हॉलकडे बोट दाखवलं. पंधरातली अकरा टेबलं रिकामी होती.

“राहू दे,” तो म्हणाला आणि बिल परत गल्ल्यावर ठेवलं.