शिकमीदार आणि आसामी शिकमी

घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि आजोबांच्या पेटीत उर्दू कागद, अशा वातावरणात बीदरनजीकच्या नौबादेत वाढलेल्या मनुष्याने भाषांतराचा छोटा व्यवसाय आरंभावयाचे ठरविले, म्हणजे पहिला गैरसमज असा होतो की येईल ते काम स्वीकारावे: चित्रपटांची उपशीर्षके, औषधांची माहितीपत्रके, जाहिराती, सर्व काही. वस्तुतः उपशीर्षकांचे तंत्र निराळे आहे. बोललेले वाक्य दोन ओळींत आणि काही सेकंदांत वाचून संपेल असे आटोपशीर करणे ही त्यातील मुख्य कसोटी असते, आणि ते काम पुण्यात किंवा बंगळुरात बसलेला मनुष्यही तितक्याच सोयीने करू शकतो. निजामकालीन महसुली कागदांचे तसे नाही.

हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारशीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, आणि बीदरसह जिल्ह्याचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे एकाच घराण्याचा जुना कागद उर्दूत, सीमेअलीकडचा चालू उतारा कन्नडमध्ये आणि पलीकडचा सातबारा मराठीत, अशी स्थिती आढळते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यापासून अशा कागदांचे वाचन करणाऱ्यांची निकड विशेष जाणवू लागली आहे.

दुसरा गैरसमज असा की चांगला शब्दकोश जवळ असला म्हणजे भागते. ‘शिकमी’ हा शब्द घ्या. उत्तर हिंदुस्थानातील प्रघातानुसार त्याचा अर्थ पोटकूळ असा सांगितला जातो. परंतु हैदराबादच्या 1317 फसलीच्या जमीन महसूल कायद्यात ‘शिकमीदार’ म्हणजे पट्टेदाराप्रमाणे जमिनीत स्वतःचा हक्क किंवा हिस्सा असलेला मनुष्य, आणि ‘आसामी शिकमी’ म्हणजे पट्टेदाराकडून किंवा शिकमीदाराकडून खंडाने जमीन कसणारा. शिकमीदारास मराठीत ‘कूळ’ लिहिले, तर एका शब्दाने वारसाचा हिस्सा भाषांतरकाराच्या हातून बुडतो. म्हणून असा शब्द मुळाप्रमाणेच ठेवावा आणि त्याचा कायद्यातील अर्थ तळटीपेत द्यावा.

उर्दू वाचता येते म्हणजे नावेही वाचता येतात, हा समज तर याहून घातक. समजा, उदगीरकडील एका कुटुंबाने खुर्दाद 1340 फसलीची नोंद आणली. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, ‘ण’ आणि ‘ळ’ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत, आणि शिकस्ता वळणात कारकून नुक्तेही गाळतो. त्यामुळे काफ, नून, बे, ये या चार अक्षरांचे वाचन कुणबी असेही होईल आणि कनबी असेही, तर काळे आणि काले ही आडनावे एकसारखीच दिसतील. येथे कन्नड उताऱ्याचा उपयोग होतो, कारण त्या लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ स्पष्ट वेगळे आहेत. त्याच घराण्याची सीमेअलीकडे जमीन असल्यास सर्व्हे नंबर आणि वंशावळ जुळवून त्या उताऱ्यावरून आडनावाची खातरजमा करता येते. मात्र भाषांतरात मुळातील अक्षरेच प्रथम द्यावीत आणि पडताळ्याचा उल्लेख टीपेत करावा. तारखेचेही तसेच. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होत असे. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत 590 आणि पुढील महिन्यांत 591 मिळवावे लागतात. खुर्दाद हा एप्रिल-मेच्या सुमाराचा महिना असल्याने ही नोंद 1930 ची नसून 1931 ची ठरते.

आणखी एक समजूत अशी की नोटरीचा शिक्का बसला म्हणजे भाषांतर बिनचूक ठरले. 1952 च्या नोटरी कायद्याने नोटरीस भाषांतर करण्याचा व ते पडताळण्याचा अधिकार आहे खरा. परंतु व्यवहारात तो बहुधा भाषांतरकाराच्या शपथपत्रावरील सहीच साक्षांकित करतो. काही युरोपीय देशांत असतात तसे सर्वत्र मान्य असलेले शपथबद्ध भाषांतरकार आपल्याकडे नाहीत. म्हणून कागद ज्या कचेरीत द्यावयाचा, तेथे काय चालते हे आधी विचारून घ्यावे. मजुरी शब्दांवर ठरवू नये, कारण शिकस्ता हस्ताक्षराच्या एका पानात सबंध दुपार जाऊ शकते. कागद पाहून पानामागे दर सांगावा, आणि देवनागरी लिप्यंतर व भाषांतर ही दोन्ही स्वतंत्र द्यावीत. शिक्के, समासातील शेरे आणि मागील बाजूचा मजकूरही त्यात आला पाहिजे.

वाळवीने खाल्लेल्या जागी ‘अवाच्य’ असेच लिहावे. जातीच्या रकान्यात नेमके तेच अक्षर गेलेले असते आणि गिऱ्हाईक अजीजीने म्हणते, ‘साहेब, तुम्हाला दिसतंय ना, मग लिहा की.’ अशा वेळी मूळ कचेरीतून दुसरी नक्कल काढण्यास सांगावे, आणि तरीही आग्रह राहिला तर कागद व घेतलेली रक्कम परत करावी.