रजा दिवसांची नव्हे, तासांची

महाराष्ट्रातल्या एखाद्या रुग्णालयात आठ-आठ तासांच्या पाळ्या करणाऱ्या नर्सला किती रजा शिल्लक आहे असं विचारलं, तर ती दिवस सांगेल. तीच नर्स इंग्लंडमध्ये एनएचएसच्या वॉर्डात रुजू झाली, की तिच्या रजेच्या खात्यावर आकडा दिसतो २६२.५. हे दिवस नाहीत, तास आहेत.

हा आकडा येतो कुठून? तिथं पूर्णवेळ आठवडा ३७.५ तासांचा आणि ठरावीक दिवस ७.५ तासांचा धरतात. नव्या कर्मचाऱ्याला वर्षाला २७ दिवसांची रजा आणि ८ सार्वजनिक सुट्ट्या असतात. एकूण ३५ दिवस, त्यांना ७.५ नं गुणलं की २६२.५ तास, म्हणजे बरोबर सात आठवडे.

गुणाकार करावा लागतो तो वॉर्डातल्या ‘लाँग डे’मुळे. सकाळी साडेसात ते रात्री आठ अशी ही साडेबारा तासांची पाळी. त्यातली तासाभराची सुट्टी बिनपगारी असेल, तर पगारी तास उरतात ११.५. अशा पाळ्या करणाऱ्या नर्सला ३५ ‘दिवस’ दिले, तर तिची रजा ४०२.५ तासांची, जवळजवळ अकरा आठवड्यांची होईल. बाह्यरुग्ण विभागात रोज साडेसात तास काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला मात्र सातच आठवडे मिळतील. म्हणून एनएचएसच्या सेवाशर्तींतच म्हटलं आहे, की पाळी साडेसात तासांची नसेल तर रजा तासांवर मोजावी.

खात्यात रजा तासांनी जमा होते, तशी ती वजाही तासांनीच व्हायला हवी. घोळ होतो तो नेमका इथं. समजा, या नर्सला एका आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी लाँग डे लागला आहे आणि शुक्रवारी ७.५ तासांची छोटी पाळी. तिनं आठवडाभर रजा घेतली, तर ११.५, ११.५ आणि ७.५ असे मिळून ३०.५ तास वजा व्हावेत. मधल्या मोकळ्या दिवसांचं काहीच कापायचं नाही. पण नोंद करणाऱ्यानं सवयीनं ‘तीन दिवस’ म्हणून २२.५ तासच कापले, तर खात्यात आठ तास जास्तीचे दिसत राहतात. वर्षअखेरीस कुणीतरी हिशेब तपासतो आणि ते तास तिच्या अंगावर येतात. उलट, छोट्या पाळीलाही ११.५ तास कापले गेले, तर तिच्या हक्काचे चार तास गुपचूप बुडतात.

वेळापत्रक लागण्याआधीच आठवड्याची रजा मंजूर झाली असेल, तर कुठली पाळी चुकणार हे ठाऊकच नसतं. तेव्हा सरळ ३७.५ तास वजा करतात. चार आठवडे गावी यायचं, तर १५० तास गेले आणि ११२.५ उरले.

सार्वजनिक सुट्टीचं गणित जरा चकवणारं आहे. त्या सुट्टीचे खात्यात जमा असतात ७.५ तास. पण त्या दिवशी तिचा लाँग डे असेल आणि ती घरी राहिली, तर कापायचे ११.५. वरचे चार तास तिच्या बाकीच्या रजेतून जातात. तो दिवस मुळातच तिचा मोकळा असेल, तर काहीच कापलं जात नाही आणि ते ७.५ तास दुसऱ्या दिवसासाठी उरतात.

आणखी एक बारीक चूक दशांशाची. साडेअकरा तास म्हणजे ११.५. घड्याळाच्या सवयीनं कुणी ११.३० लिहिलं, तर हिशेबाचा तक्ता ते ११.३ असं वाचतो. दर पाळीमागे बारा मिनिटांचा फरक पडतो आणि वीस पाळ्यांत चार तासांचा.

हिशेब बरोबर आहे की नाही, हे कर्मचाऱ्याला स्वतः तपासता येतं. चार आठवड्यांत केलेलं काम आणि घेतलेली रजा यांची बेरीज १५० तासांच्या आसपास यायला हवी. तेरा लाँग डे म्हणजे १४९.५ तास, तेव्हा अर्ध्या तासाचा फरक चालतो. पण बेरीज १४२ आली, तर रजा कमी कापली गेली किंवा एखादी पाळी नोंदायची राहिली.

तासांच्या हिशेबातही एक अडचण उरते. २२ लाँग डे रजेवर काढले की २५३ तास संपतात आणि ९.५ तास उरतात. तेविसाव्या लाँग डेला ते पुरत नाहीत. अशा वेळी छोट्या पाळीच्या दिवशी रजा मागावी, किंवा वॉर्डप्रमुखांशी बोलून कमी पडणारे दोन तास नंतर भरून द्यावेत. बऱ्याच ठिकाणी रजेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तेव्हा हे बोलणं फेब्रुवारीतच झालेलं बरं.