कार्ड नवं, तरी व्हिडिओ अडखळतोच

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडून हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. नवा मिररलेस कॅमेरा घेतला, चित्र अप्रतिम येतं, पण एडिटिंगला बसलं की टाइमलाइनवर व्हिडिओ अडखळतो. आवाज पुढे निघून जातो आणि चित्र मागे गोठून राहतं. मग आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली जाते, नंतर रॅम वाढवली जाते, शेवटी कर्ज काढून ग्राफिक्स कार्ड घेतलं जातं. आणि एवढं करूनही व्हिडिओ होता तसाच अडखळतो.

एक नेहमीचा संच घेऊन पाहू. कॅमेरा सोनीचा ए7 फोर. रेकॉर्डिंग एक्सएव्हीसी एचएस फॉरमॅटमध्ये, म्हणजे एचईव्हीसी किंवा एच.265 या पद्धतीने दाबलेलं: 4के, सेकंदाला 50 फ्रेम, 10 बिट, 4:2:2, वेग 200 मेगाबिट. कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा दहाव्या पिढीचा आय7 आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060.

पहिला संशय डिस्कवर जातो, आणि तो चुकीचा असतो. 200 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 25 मेगाबाइट. साधी हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. अडचण फाइल वाचण्यात नाही, ती उलगडण्यात आहे. 4के फ्रेममध्ये सुमारे 83 लाख पिक्सेल असतात. अशा 50 फ्रेम न दाबता साठवायच्या तर सेकंदाला 8 गिगाबिटच्या वर माहिती होते. कॅमेरा ती 200 मेगाबिटमध्ये बसवतो, म्हणजे साधारण चाळिसाव्या हिश्श्यात.

हे जमतं कारण कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीतच नाही. किराणा दुकानदार वहीत रोज सगळा माल मोजून न लिहिता अधूनमधून पूर्ण शिल्लक मांडतो आणि मधल्या दिवशी फक्त आवक-जावक टिपतो, तसंच हे. गुरुवारची शिल्लक हवी असेल तर मागच्या पूर्ण नोंदीपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. म्हणून टाइमलाइनवर तुम्ही मधेच कुठे क्लिक केलंत, की एका फ्रेमसाठी आधीच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. व्हिडिओ उलटा चालवला की तर त्रास आणखी वाढतो. आणि सेकंदाला 50 फ्रेम दाखवायच्या असल्याने प्रत्येकीला मिळतात फक्त 20 मिलिसेकंद.

एवढं काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांनी करणं जड असतं. म्हणूनच ग्राफिक्स कार्डात आणि इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत व्हिडिओ उलगडण्यापुरता एक वेगळा विभाग असतो. यालाच हार्डवेअर डीकोडिंग म्हणतात. पण हा विभाग त्यात कोरलेल्या प्रकारांपलीकडे काही वाचू शकत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. आरटीएक्स 3060 एचईव्हीसीचा 10 बिट 4:2:0 व्हिडिओ सहज उलगडतं, 4:2:2 मात्र उलगडत नाही. आरटीएक्स 40 मालिकेतली महागडी कार्डंही उलगडत नाहीत. एनव्हिडियाने ही सोय 2025मध्ये आलेल्या आरटीएक्स 50 मालिकेत दिली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती अकराव्या पिढीपासून आहे, ॲपलच्या संगणकांत 2020च्या एम1पासून. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या संचात 4:2:2 वाचणारं कोणीच नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि कार्ड नुसतं बसून राहतं.

इथे 10 बिट आणि 4:2:2 या दोन गोष्टींची गल्लत होते. 10 बिटमुळे प्रत्येक रंगाच्या 256ऐवजी 1024 पायऱ्या मिळतात. संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटत नाहीत, लॉगमध्ये शूट केलेल्या चेहऱ्याचा रंग सुधारताना तो फाटत नाही. 4:2:2चा संबंध रंगाची माहिती किती पिक्सेलांमागे एकदा साठवायची याच्याशी आहे. तिचा फायदा मुख्यतः हिरव्या पडद्यासमोरच्या कामात दिसतो. लग्नाच्या कामात मी 10 बिट कधीच सोडणार नाही, 4:2:2 मात्र सोडायला हरकत नाही. याच कॅमेऱ्यात 10 बिट 4:2:0 निवडता येतं, आणि मग तेच आरटीएक्स 3060 कामाला लागतं.

आधीच शूट झालेल्या फुटेजचं निदान पाच मिनिटांत होतं. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिप उघडा आणि `Chroma subsampling` व `Bit depth` या दोन ओळी वाचा. मग एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये तीच क्लिप कुठलाही इफेक्ट न लावता चालवा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा `Video Decode` आलेख पाहा. तो शून्याला चिकटलेला आणि सीपीयू शंभर टक्क्यांजवळ असेल, तर हार्डवेअर डीकोडिंग होत नाहीये. साधी क्लिप सुरळीत चालते आणि नॉइज रिडक्शन लावल्यावरच अडखळते, तर दोष डीकोडिंगचा नाही, तिथे कार्डाची ताकद कमी पडते आहे.

इंटेलचा बाराव्या किंवा तेराव्या पिढीचा प्रोसेसर असूनही आलेख शून्यच दिसत असेल, तर दोन गोष्टी तपासा. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सचा भागच नसतो. दोनेक हजार रुपये वाचवायला घेतलेला प्रोसेसर एडिटिंगला असा महागात पडतो. एफ नसेल, तर वेगळं कार्ड बसवल्यावर मदरबोर्डने प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद केलेलं असू शकतं. ते बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. त्यानंतर प्रीमियर किंवा रिझॉल्वच्या प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे ना, तेही पाहा.

संच बदलायचा नसेल, तर प्रॉक्सी हा खात्रीचा मार्ग आहे. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत: 1080 रिझोल्यूशनची, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी कोडेकमधली. या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, त्यामुळे मागची बेरीज करावी लागत नाही. यासाठी एच.264 निवडू नका. फाइल लहान होते, पण एका फ्रेमसाठी आधीच्या फ्रेम उलगडण्याची गरज तशीच राहते. रिझॉल्वमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिप निवडून राइट क्लिक करा आणि `Generate Proxy Media` निवडा. प्रीमियरमध्ये हीच सोय `Create Proxies` या नावाने आहे.

तीन तासांचं मूळ फुटेज 270 जीबी असेल, तर त्याच्या 50 फ्रेमच्या प्रॉक्सी सुमारे 100 जीबी होतात. म्हणजे जागा लागते, आणि वेळही लागतो, कारण प्रॉक्सी बनवताना प्रत्येक फ्रेम एकदा उलगडावीच लागते. ते काम रात्री लावून ठेवावं. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने प्रॉक्सी केल्यात, तर फ्रेम रेट आणि ऑडिओचे चॅनेल मूळ क्लिपइतकेच ठेवा. चॅनेल जुळले नाहीत तर प्रीमियर त्या जोडूनच घेत नाही.

कट, क्रम आणि संगीत प्रॉक्सीवर बेधडक करा. फोकस, नॉइज आणि रंग मात्र मूळ फाइल लावूनच तपासा; 1080च्या प्रतीत किंचित हुकलेला फोकस सहज लपतो. दोन्ही प्रोग्रॅम अंतिम फाइल मूळ क्लिपवरूनच बनवतात, मात्र एक्सपोर्टच्या पानावर प्रॉक्सी वापरण्याचा पर्याय टिक झालेला नाही, एवढं पाहून घ्या. त्या एक्सपोर्टला जुन्या संचावर वेळ लागणारच, तो प्रॉक्सीने कमी होत नाही.

तेव्हा कार्डावर पैसे घालण्याआधी दुकानदाराला रॅम किती, हे विचारून थांबू नका. तुमचा कॅमेरा ज्या प्रकारात शूट करतो तो प्रकार, म्हणजे एचईव्हीसी 10 बिट 4:2:2, हे कार्ड उलगडतं का, ते कंपनीच्या डीकोड तक्त्यात स्वतः पाहा आणि मगच पैसे मोजा.