जेवण किती वाजता पोहोचेल?

मशीन लर्निंगच्या मुलाखतीत हा प्रश्न बऱ्याचदा येतो: जेवण घरपोच देणाऱ्या ॲपसाठी पोहोचण्याची वेळ सांगणारी यंत्रणा कशी उभी कराल? अनेक उमेदवार थेट मॉडेलचं नाव घेतात. त्याआधी विचारायला हवं, ‘पोहोचलं’ म्हणजे नेमकं कधी? नोंदीत असते ती रायडरने बटण दाबल्याची वेळ. कुणी सोसायटीच्या गेटवरच बटण दाबतो, तर कुणी पुढची ऑर्डर उचलताना. ही वेळ त्याच्या फोनच्या जीपीएसशी ताडून घेतली नाही, तर मॉडेल चुकीचं उत्तरच पाठ करतं.

मग ऑर्डरचे टप्पे पाडायचे. समजा, पुण्यात कोथरूडला कुणी रात्री आठ वाजता बिर्याणी मागवली. ती तयार व्हायला १८ मिनिटं, रायडरला हॉटेलपर्यंत यायला ९, रस्त्याला १२, गाडी लावून लिफ्टने वर जायला ४. सगळं मिळून ४३ होतात, पण ही बेरीज फसवी आहे. बिर्याणी शिजत असतानाच रायडर वाटेत असतो. म्हणून त्या दोहोंतला मोठा आकडा, १८, तेवढाच धरायचा. उत्तर येतं ३४. यातला रस्त्याचा अंदाज नकाशाच्या यंत्रणेकडून घ्यावा आणि तो किती चुकतो, एवढंच मॉडेलला शिकवावं. उबरचं डीपईटीए याच पद्धतीने चालतं.

शिकवताना ऑर्डर आली त्या क्षणी जे माहीत होतं तेवढंच मॉडेलला दाखवायचं. रायडर हॉटेलबाहेर किती वेळ ताटकळला, हे नंतर कळतं. तो आकडा आत शिरला, तर चाचणीत मॉडेल पहिलं येतं आणि प्रत्यक्षात तोंडघशी पडतं. चाचणीही शिकवणीनंतरच्या आठवड्यांवरच घ्यावी.

आता ग्राहकाला कोणती वेळ सांगायची? सरासरी सांगितली, तर जवळपास निम्म्या ऑर्डरी उशिरा पोहोचतील. दहांपैकी आठ वेळेत हव्या असतील, तर शिकवताना उशिराच्या एका मिनिटाला लवकरच्या मिनिटाच्या चौपट दंड लावायचा. मॉडेल आपोआप सावध आकडा देऊ लागतं. मात्र दंड आणखी वाढवला, तर पडद्यावरची मोठी वेळ पाहून ग्राहक ऑर्डरच करत नाही. ही तडजोड धंद्याची आहे, ती उमेदवाराने उघड बोलून दाखवावी.

यंत्रणा सुरू झाल्यावर दहांपैकी आठचं वचन रोज मोजायचं, तेही भागवार आणि पावसाच्या रात्री वेगळं. शहराचा एकूण आकडा ८० टक्के दिसत असताना पावसात तो ६०वर आलेला असू शकतो. सोबत रद्द झालेल्या ऑर्डरी मोजाव्यात. कंटाळून रद्द केलेल्या ऑर्डरीला पोहोचण्याची वेळच नसते, त्यामुळे सगळ्यात वाईट उशीर नोंदीतून गळतो. नेमक्या त्या रात्री आकडे सुधारल्यासारखे दिसतात, आणि त्याच नोंदींवर मॉडेल पुन्हा शिकवलं, तर पुढच्या पावसात ते आणखी कमी वेळ सांगतं.