फोटोतले दगड : एक दुरुस्ती



गेल्या अंकात ड्रेंथेच्या सहलीचा फोटो छापला होता. त्याखाली 'प्राचीन शिलावर्तुळ' ही ओळ मीच लिहिली. अंक घरोघरी पोचल्यावर मूळच्या नागपूरच्या एका काकूंचा फोन आला, "अहो, हे तर थेट आमच्या जुनापाणीसारखं दिसतंय!" मूळ फोटो काढून पुन्हा पाहिला आणि चूक कळली. ते शिलावर्तुळ नव्हे, डॉल्मेन आहे.

फसण्यासारखीच जागा होती ती. स्खोनोर्डजवळच्या या ह्युनेबेडला डी ४९ असा क्रमांक आहे. प्रा. व्हान गिफन यांनी १९५९च्या सुमारास त्याची पुनर्बांधणी केली. मूळ रूप कळावे म्हणून निम्मा भाग त्यांनी मातीच्या टेकाडाखाली झाकला आणि निम्मा उघडा ठेवला. टेकाडाच्या पायथ्याशी दगडांचे कडे आहे. आमचा फोटो त्याच बाजूने काढलेला, त्यामुळे हिरवा उंचवटा आणि भोवती दगड एवढेच दिसते. जुनापाणीलाही मातीखडीच्या बसक्या ढिगाभोवती दगड मांडलेले असतात. तिथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत.

मग ओळखायचे कसे? आधी पाहावे, एखादा दगड दुसऱ्या दगडांवर आडवा टेकला आहे का? असेल तर ते डॉल्मेन, म्हणजे दगडी खोली, भोवती कडे असो वा नसो. आमच्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात अशी एक शिळा आहे आणि तिच्याखाली पोकळी आहे. झेरॉक्समध्ये तिथे नुसता काळा डाग उमटला होता!

छताच्या शिळा नाहीशा झाल्या असतील तर उभे दगड पाहावेत. ह्युनेबेडमध्ये ते दोन समोरासमोरच्या रांगांत असतात आणि त्यांची सपाट बाजू आत, खोलीकडे वळवलेली असते. वर्तुळात दगड वळणावर बसतात आणि मध्ये खोली नसते. मात्र कडे गोल की लांबट यावर फोटोत विसंबू नये. कॅमेरा खाली धरला की गोलही लांबट दिसते.

मेनहिर म्हणजे सुटा, मुद्दाम उभा रोवलेला उंच दगड. मुलांना ओबेलिक्सच्या पाठीवरचा दगड ठाऊक असतोच. पण पडक्या डॉल्मेनचा उरलेला एकच दगडही फोटोत मेनहिर वाटू शकतो. तिथे जमिनीतले बाकीच्या दगडांचे खड्डे शोधावे लागतात, ते काम फोटोचे नाही.

काकूंना मी हे सांगितले. शिवाय ह्युनेबेड पाच हजार वर्षांपूर्वीचे, लोखंड माहीत नसलेल्या शेतकऱ्यांचे. विदर्भातली वर्तुळे त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी लोखंड वापरणाऱ्यांनी रचली. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचे नवेच की!"

तेव्हा गेल्या अंकातली ती ओळ खोडून 'डॉल्मेन, डी ४९' असे लिहावे. पुढच्या सहलीत उघड्या बाजूचाही एक फोटो घ्यावा, ही विनंती.