आजी म्हणाली 'म्हनं', फोननं लिहिलं 'म्हणून'

मागच्या भागात माझ्या आजीनं कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगितली होती. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, पाटण तालुक्यातलं गाव. त्या भागाची लिखित प्रत मी आधी एकदा तयार केली होती, आणि ती मला फेकून द्यावी लागली. का, ते आज सांगते. तुम्हीही घरच्या कुणाचं बोलणं फोनवर व्हॉइस टायपिंगनं उतरवून घेत असाल, तर माझी चूक तुमच्या कामाला येईल.

मी केलं काय, तर आजीच्या हातात माझा फोन दिला. कीबोर्डवरचा माइक चालू केला, भाषा मराठी ठेवली आणि म्हटलं, बोल. शेजारी दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर चालू होता. तो फक्त पॉडकास्टसाठी म्हणून लावला होता, पण शेवटी त्यानंच वाचवलं. कीबोर्डचा माइक तुम्हाला अक्षरं देतो, आवाज ठेवत नाही. आजी नक्की काय म्हणाली होती, हे नंतर तपासायला काहीच उरत नाही. त्यामुळे दुसरा फोन हवाच.

स्क्रीनवर जे उमटलं त्यातला एक तुकडा हा:

«पहाटेची वेळ होती आम्ही सगळी झोपलेलो मी मी उठले म्हणजे उठले नाही हलले जमीन हलली मग सासू म्हणाली पळा पळा भांडी सगळी खाली आणि मग बाहेर आलो थंडी अशी थंडी आणि मग कोणीतरी ओरडत आले धरण फुटले म्हणून आम्ही डोंगरा कडे पळालो लेकरू काखेत २३ घरे पडली होती ती तेव्हा च दिसली»

ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. मी नेहमीच्या सवयीनं बसले आणि वीस मिनिटांत 'नीट' करून टाकलं:

«पहाटेची वेळ होती. आम्ही सर्वजण झोपेत असताना अचानक जमीन हादरली. सासूबाईंनी सर्वांना पळण्यास सांगितले. भांडी खाली पडली. बाहेर प्रचंड थंडी होती. धरण फुटल्यामुळे आम्ही बाळाला घेऊन डोंगराकडे धावलो. गावातील २३ घरे कोसळली होती.»

शुद्धलेखन एकदम चोख. संध्याकाळी फोनवर आजीला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कोण गं ही बाई? लई शिकल्याली दिसतीया."

मी हसले. पण तेवढ्यात मामानं तिच्या हातातून फोन घेतला. मामा म्हणजे त्या गोष्टीतलं काखेतलं लेकरू. "अगं ए, कोयनेचं धरण कधी फुटलं? फुटलं असतं तर मी आज तुझ्याशी बोललो असतो का? आणि गावात तेव्हा तेवीस घरं तरी होती का?"

खरंच की! भूकंपात कोयनेच्या धरणाला तडे गेले होते, पण धरण फुटलं नव्हतं. मी मात्र स्वच्छ मराठीत, आजीच्या नावावर, न घडलेली गोष्ट लिहून बसले होते.

रात्री रेकॉर्डिंग लावलं. वेग पाऊणपट केला. आजी म्हणत होती: "आन् मग कोनतरी वरडत आलं, धरण फुटलं म्हनं! आमी डोंगराकडं पळालो." हे 'म्हनं' म्हणजे आपलं 'म्हणे'. ऐकीव गोष्ट आहे, मी पाहिलेली नाही, असं सांगणारा छोटासा शब्द. फोनला 'म्हनं' ओळखीचं नव्हतं, म्हणून त्यानं जवळचा ओळखीचा शब्द बसवला: 'म्हणून'. आणि योगायोग असा की वाक्य तरीही जुळलं. धरण फुटले म्हणून आम्ही पळालो. एका शब्दाच्या फरकानं अफवेचं कारण झालं. 'दोन-तीन घरं' याचं फोननं जवळजवळ ठेवलेले दोन आकडे समजून '२३' केलं, हेही तेव्हाच कळलं.

यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपण हातानं टाइप करताना चुकतो तेव्हा 'घर'चं 'घरक' होतं आणि चूक लगेच दिसते. व्हॉइस टायपिंगची चूक तशी दिसत नाही, कारण फोन बहुतेक वेळा खराखुरा शब्दच लिहितो, फक्त चुकीचा. नुसतं वाचून ती सापडत नाही. आणि आपण भाषा जितकी गुळगुळीत करू तितकी ती आणखी खोल गाडली जाते. माझ्या 'फुटल्यामुळे'नं तेच केलं. 'म्हणून' पाहून निदान शंका तरी आली असती.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी कान, मग खुणा, आणि कात्री सगळ्यात शेवटी.

पहिल्या फेरीत मी काहीही सुंदर करत नाही. ऑडिओ लावायचा आणि शब्द जुळवायचे, बस. तीन जागी मुद्दाम थांबते: आकडे, नावं, आणि 'म्हणे', 'की', 'नाही' असे छोटे शब्द. हे छोटे शब्द बोलताना गिळले जातात आणि अर्थ सगळा त्यांच्यावरच लटकलेला असतो. याच फेरीत अनुस्वार परत आणते. माझ्या फोननं 'फुटले', 'घरे', 'आले' असं लिहिलं होतं. आजी 'फुटलं', 'घरं', 'आलं' म्हणाली होती. फक्त हे टिंब परत आणलं तरी अर्धी आजी परत येते.

सुटलेले प्रत्यय जोडायचं कामही इथेच. 'डोंगरा कडे', 'तेव्हा च' असं तुटक येतं ते जोडायला मी हौसेनं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. इंजिनिअर ना! पण 'तो वर गेला' याचं तिनं 'तोवर गेला' करून टाकलं, आणि 'मी ही भाकरी केली' याचं 'मीही भाकरी केली'. आता स्क्रिप्ट फक्त अशा जागा पिवळ्या करून दाखवते, जोडायचं की नाही ते मी ऐकून ठरवते. तुम्हाला स्क्रिप्टची गरज नाही. 'शोधा' मध्ये ' वर', ' ही', ' च' टाकून एकेक जागा बघितली तरी पुरतं.

दुसरी फेरी विरामचिन्हांची. इथे मी आधी एक चुकीचा नियम पाळत होते: जिथे थांबली तिथे पूर्णविराम. ऐंशीच्या घरातली बाई श्वास पुरत नाही म्हणूनही थांबते, अगदी वाक्याच्या मध्ये. म्हणून थांबण्यापेक्षा आवाजाचा सूर ऐकायचा. सूर खाली उतरून टेकला तर पूर्णविराम. वरच लटकत राहिला तर स्वल्पविराम, मग मध्ये कितीही वेळ गेला तरी चालेल.

दुसरी सवय आणखी चिवट आहे. लिहिताना आपल्याला क्रियापद शेवटी हवं असतं. बोलताना माणूस क्रियापद आधी टाकतो आणि राहिलेलं मागून जोडतो: "पळालो, लेकरू काखेत." मी ते उचलून आत घातलं होतं, 'बाळाला घेऊन धावलो'. माहिती तीच, पण आजी आधी पळाली आणि मग तिला काखेतलं लेकरू आठवलं, तो क्षण गेला. "भांडी सगळी खाली" यात तर क्रियापदच नाही. तिथे 'पडली' घालायची काहीच गरज नव्हती. शब्दांचा क्रम म्हणजेच बोलणाऱ्याची लय. तो हलवायचा नाही, फक्त त्यात स्वल्पविराम पेरायचे.

मग कात्री. 'मी मी उठले' यातला एक 'मी' काढला, कारण तो अडखळलेला होता. 'पळा पळा' ठेवलं, कारण सासू दोनदाच ओरडली होती. 'हळूहळू', 'रडून रडून' असली जोडी तर भाषेतच आहे, ती अडखळ नव्हे. 'म्हणजे'चं काय करायचं? "उठले म्हणजे उठले न्हाई, हलले." इथे ती स्वतःला दुरुस्त करतेय आणि त्या दुरुस्तीतच सगळी गंमत आहे, तेव्हा ठेवलं. दुसरीकडे ती नुसती आठवत बसली होती आणि 'म्हंजे... म्हंजे...' करत होती, तिथे काढलं. 'आन् मग'साठी माझी खूण सोपी आहे. त्याच्यानंतर नवीन काही घडलं तर ते गोष्टीचं पाऊल आहे, राहू द्या. नाही घडलं तर तो विचार करायचा वेळ आहे, कापा.

शेवटचा प्रश्न: बोली किती ठेवायची? मी एकदा प्रत्येक 'ण'चा 'न' करून पाहिला. 'पानी', 'कोनी', 'लोनी'. वाचणारा दर शब्दाला ठेचकाळतो, आणि आजी विनोदी नाटकातलं पात्र वाटायला लागते. म्हणून तिचे सात-आठ शब्द निवडले: आन्, न्हाई, म्हनं, हुती, तवा, वरडत, असे. ते सगळीकडे तसेच ठेवले. बाकीचं स्पेलिंग नेहमीचं. शब्द तिचे, उच्चाराचा हिशोब थोडाच.

आता तोच तुकडा असा आहे:

«पहाटेची वेळ हुती. आम्ही सगळी झोपलेलो. मी उठले, म्हणजे उठले न्हाई, हलले. जमीन हलली. मग सासू म्हणाली, पळा, पळा! भांडी सगळी खाली. आन् मग बाहेर आलो. थंडी, अशी थंडी! आन् मग कोणतरी वरडत आलं, धरण फुटलं म्हनं! आम्ही डोंगराकडं पळालो, लेकरू काखेत. दोन-तीन घरं पडली हुती, ती तवाच दिसली.»

मोजून बघा, यात एकही शब्द माझा नाही. मी फक्त एक 'मी' काढला, खुणा घातल्या आणि फोननं बदललेलं परत आणलं. एवढ्याशा तुकड्याला पाऊण तास गेला. आख्ख्या भागाला दोन रविवार गेले, हेही खरं. काही जागा ऑडिओतही लागल्या नाहीत. मध्येच मिक्सर चालू झाला होता. तिथे अंदाजानं वाक्य पुरं न करता '(ऐकू आलं नाही)' असं लिहून सोडलं.

आणि हो, परत फोन करून आजीला वाचून दाखवलं. 'धरण फुटलं म्हनं' आलं तशी ती मध्येच बोलली, "व्हय, आन् फुटलं न्हवतं. सकाळी खाली आलो तर घर पडल्यालं, पन धरण जागच्या जागी." हे पहिल्यांदा तिनं सांगितलंच नव्हतं. तेही घेतलंय, तारखेसकट, खाली वेगळं.