तारीख ठरलेली, फोटो मात्र नशिबाचा
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण सुट्या उल्कांबद्दल बोललो. आता उल्कावर्षाव. महाराष्ट्रात राहून वर्षातून एकच वर्षाव पाहायचा असेल, तर मिथुन राशीतला पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑगस्टमधल्या ययातीच्या वर्षावाचा जगभर गाजावाजा होतो, पण तेव्हा आपलं आभाळ पावसाळी असतं. १३ डिसेंबरची रात्र मात्र बहुधा निरभ्र मिळते.

या उल्कांचा जनक सापडला तो १९८३ मध्ये. आयरास या उपग्रहाच्या चित्रांत एक लघुग्रह दिसला आणि त्याची कक्षा मिथुनेच्या उल्कांच्या कक्षेशी जुळते, हे फ्रेड व्हिपल यांच्या लक्षात आलं. त्याचं नाव फेथॉन. जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा हा धोंडा सूर्याभोवती सुमारे १.४ वर्षांत एक फेरी मारतो. मग उल्का दर वर्षी कशा पडतात? दीड-दीड वर्षाने पडायला हव्यात ना?

उल्का पडायला फेथॉन जवळ असावाच लागत नाही. त्याच्यापासून सुटलेला प्रत्येक कण किंचित वेगळ्या वेगाने निघतो, म्हणून त्याची फेरीही थोडी कमी-जास्त वेळाची होते. काही कण पुढे सरकतात, काही मागे रेंगाळतात आणि शेकडो फेऱ्यांनंतर धूळ कक्षाभर पसरते. हे धुळीचं कडं पृथ्वीच्या वाटेला ज्या जागी छेदतं, तिथे पृथ्वी डिसेंबरच्या मध्यालाच पोचते. फेथॉन तेव्हा कुठेही असो.

म्हणून ही घटना संक्रांतीच्या जातीची आहे. गणपतीची तारीख तिथीनुसार मागेपुढे होते, कारण तिथी चंद्रावर ठरते. संक्रांत सूर्यावर ठरते, म्हणून ती १४-१५ जानेवारी सोडत नाही. उल्कावर्षावाचंही तसंच. चंद्राचा संबंध एवढाच, की तो आकाशात असला तर मंद उल्का त्याच्या उजेडात बुडतात. तो कधी मावळतो, ते आधी पंचांगात पाहून ठेवा.

धूळ सगळीकडे सारखी पसरलेली असतेच असं नाही. सिंह राशीच्या उल्कांची धूळ ३३ वर्षांनी येणाऱ्या धूमकेतूच्या आसपास गर्दी करून आहे. त्यामुळे १९६६ साली अमेरिकेत त्यांचं वादळ झालं, आणि एरवी नोव्हेंबरात तासाला दहा-पंधरा दिसल्या तरी पुष्कळ.

आता फोन. फोनचा नाइट मोड इथे कामाचा नाही. तो अनेक फोटो काढून एकमेकांवर बसवतो आणि एकाच फोटोत दिसलेली रेघ बहुधा खोट समजून पुसून टाकतो. नेमकी उल्काच जाते. प्रो मोड घ्या आणि मुख्य लेन्स वापरा. अतिरुंद लेन्समध्ये आकाश जास्त मावतं, पण बहुतेक फोनमध्ये तिचं छिद्र लहान असतं.

शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की उल्का उजळ येईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. उल्का सेकंदाच्या आत विझते आणि प्रत्येक ठिपक्यावर तिचा उजेड त्याहूनही कमी वेळ पडतो. शटर वाढवलं की उजळतं ते फक्त आकाश. म्हणून आयएसओ १६०० ते ३२०० ठेवा. गावाबाहेर १५ सेकंद चालतात, शहराजवळ फोटो राखाडी दिसू लागला की ८ वर या. फोकस मॅन्युअल ठेवा, पण पट्टी टोकाला सरकवून विसंबू नका. व्याधाच्या ताऱ्याचा फोटो काढून मोठा करून बघा. तारा टिंबासारखा दिसला तर ठीक, पसरट दिसला तर पट्टी किंचित मागे घ्या.

मिथुन संध्याकाळी उशिरा ईशान्येला उगवते आणि रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते. उल्का पुनर्वसूतल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टरजवळून फुटल्यासारख्या दिसतात. फोन नेमका तिथे रोखू नका. उगमाजवळच्या रेघा आखूड येतात, चाळीस-पन्नास अंश बाजूला त्या लांब मिळतात. ट्रायपॉड नसेल तर फोन खुर्चीवर पालथा ठेवला तरी चालतो.

१५ सेकंदांचा फोटो आणि मध्ये एक सेकंद, असे तीन तासांत सुमारे पावणेसातशे फोटो होतात. रॉ फाइल २० एमबीची धरली तर १३ जीबीच्या वर जागा लागते. म्हणून जेपीईजी पुरे, आणि पॉवर बँक जोडलेली हवी. फोनला फक्त तेजस्वी उल्काच दिसतात, त्यामुळे पावणेसातशेतून तीन-चार निघाल्या तर रात्र चांगली गेली म्हणायचं. मध्यरात्रीनंतर सगळे फोटो हळूहळू धुरकट होऊ लागले, तर लेन्सवर दव बसलंय. दर अर्ध्या तासाने मऊ कपड्याने पुसा.

सकाळी छाननी करताना प्रत्येक रेघेआधीचा आणि नंतरचा फोटो पाहा. तीच रेघ पुढे सरकलेली दिसली तर तो उपग्रह. ठिपक्यांची माळ असेल तर विमान. एकाच फोटोत असलेली, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली रेघ उल्केची. ती मागे वाढवून कॅस्टरपाशी पोचली तर मिथुनेची, नाहीतर गेल्या आठवड्यातल्यासारखी सुटी.